बाळ रात्री जागतं त्यात चहाचा हात किती आणि मिरचीचा किती

प्रश्न: मुलगा ३७ दिवसांचा आहे, फक्त अंगावरचं दूध. रात्री ११ ते ३ डोळे टक्क उघडे, खाली ठेवला की रडतो. मला दिवसाला पाच-सहा चहा लागतात आणि परवा पोह्यांवर जीरावन मसाला, शेव घालून खाल्ली. सासूबाई म्हणतात चहा आणि तिखट दोन्ही दुधात उतरतं, सगळं बंद कर. खरंच दोन्ही बंद करू का? इंदूरलाच असतो आम्ही.

अगं, काही बंद करायच्या आधी मला एक सांग, हा मुलगा दिवसा कसा झोपतो? म्हणजे सकाळी तेल-आंघोळ-शेक झाल्यावर दोन-तीन तास गाढ झोपतो का, हात उचलून सोडला तर धपकन पडतो इतकी गाढ? की दिवसासुद्धा वीस मिनिटांत दचकून उठतो? तू फक्त रात्रीचं लिहिलंयस आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणी फक्त रात्रीचंच सांगतात, कारण आपल्याला त्रास रात्री होतो. पण चहाचा दोष आहे का हे कळायला मला दिवसाची झोपच बघावी लागते.

कारण सांगते. मी इथे इंदूरमध्ये १९ वर्षं बाळंतिणींबरोबर काम करतेय, आधी नवजात वॉर्डात नर्स होते, आता स्तनपानाचा सल्ला देते. वॉर्डात वेळेआधी जन्मलेली बाळं असतात ना, काही काही बाळं श्वास घ्यायलाच विसरतात, मध्येच थांबतात. त्यांना जे औषध देतात ते कॅफिनच असतं, कॅफिन सायट्रेट नावाचं, चहा-कॉफीत असतं तेच. आणि ते औषध दिवसातून एकदाच देतात. मला तेव्हा नवल वाटायचं की आपल्याला सकाळच्या चहाची किक अकरापर्यंत टिकत नाही आणि या दीड किलोच्या जिवाला एक डोस चोवीस तास कसा पुरतो. तर उत्तर हे की नव्या बाळाच्या लिव्हरला कॅफिन मोडताच येत नाही. ते मोडणारं एन्झाइम जन्मतः जवळजवळ झोपलेलं असतं, ते जागं व्हायला काही महिने जातात.

मोठ्या माणसाने कॅफिन घेतलं की साधारण पाच तासांत रक्तातलं निम्मं संपतं. नवजात बाळात तेवढंच निम्मं व्हायला तीन-चार दिवस लागतात. तास नाही, दिवस. बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत हे साधारण अर्ध्या दिवसावर येतं, आणि सहा महिन्यांच्या आसपास बाळ आपल्यासारखंच काही तासांत ते संपवायला लागतं. म्हणजे तुझ्या मुलाच्या वयाला अजून दिवसांचाच हिशोब आहे.

आता यावरून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्या घराघरातल्या समजुतीच्या उलट आहेत.

पहिली ही की इतक्या लहान बाळाच्या अंगात कॅफिनची पातळी दिवसभर जवळजवळ सारखीच असते. तू संध्याकाळी चहा प्यालीस म्हणून रात्री जागला आणि सकाळी उतरलं, असं होतच नाही, कारण सकाळपर्यंत काही उतरतच नाही. त्यामुळे बाळ दिवसा मस्त तीन-तीन तास झोपत असेल आणि जागरण फक्त ११ ते ३ असेल तर ते चहाचं काम नाही, कॅफिनला दिवस-रात्र कळत नाही. चहामुळे बेचैन झालेलं बाळ चोवीस तास बेचैन असतं, झोप तुटक तुटक, डोळे मोठे, जरा भांडं वाजलं की दोन्ही हात फेकून दचकणार, हनुवटी किंवा हात थरथरणार, आणि पोट भरलेलं असूनही झोपेत शिरता येत नाही असं दिसतं.

दुसरी ही की तुझ्या आज्जेसासूबाईंच्या काळापासून चालत आलेलं "संध्याकाळनंतर चहा घेऊ नको" हे या वयात बाळासाठी फारसं उपयोगाचं नाही. वेळ नाही, बेरीज बघायची. अर्थात तुझ्या स्वतःच्या झोपेसाठी संध्याकाळचा चहा सोडणं चांगलंच, तो मुलगा ३ वाजता झोपला तरी तू पाचपर्यंत छताकडे बघत राहणार असशील तर काय फायदा, पण ते वेगळं.

बेरीज म्हणजे काय ते नीट सांगते. आई जेवढं कॅफिन घेते त्यातलं एक टक्का किंवा त्याहून कमीच दुधातून बाळापर्यंत जातं, चहा प्यायल्यावर तास-दोन तासांनी दुधात सगळ्यात जास्त असतं. ऐकायला अगदीच किरकोळ. पण आज आलेलं संपायच्या आत उद्याचं येतं, परवाचं येतं, आणि साठत साठत एका दिवसाच्या पाचपटीच्या आसपास जाऊन ते थांबतं. बादलीला खाली भोक बारीक आणि वरून नळ थेंब थेंब, असं. म्हणून एक कप, दोन कप, तीन कप यांनी सहसा काहीच होत नाही, आणि कुठेतरी पाच-सहा-सातला काही बाळांची बादली काठाला येते. काही बाळांची, सगळ्यांची नाही.

आकडे लोक विचारतात म्हणून देते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन ठीक म्हटलंय, अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी ३०० पर्यंत चालेल म्हणते. मी माझ्या बायकांना पहिले तीन महिने २०० च सांगते आणि बाळ वेळेआधी झालेलं असेल तर त्याहून कमी, कारण त्यांचं लिव्हर अजूनच कच्चं.

पण "किती कप" या प्रश्नाला घरात काही अर्थ नसतो गं. कोणाचा कप म्हणजे बाहेरच्या टपरीवरचा कट, दोन घोट, आणि कोणाचा कप म्हणजे स्टीलचा पेला काठोकाठ. कोणी एका कपाला अर्धा चमचा पत्ती घालतं, कोणी दीड. मी कप मोजतच नाही, पत्ती मोजायला लावते. आपण जी दाणेदार पत्ती वापरतो तिच्या एका ग्रॅममध्ये साधारण २० ते २५ मिलिग्रॅम कॅफिन चहात उतरतं असं धर, आणि सपाट भरलेला छोटा चमचा म्हणजे दोन-अडीच ग्रॅम पत्ती. म्हणजे एक सपाट चमचा चाळीस ते साठ मिलिग्रॅम. कॅफिन पहिल्या काही मिनिटांच्या उकळीतच बहुतेक उतरतं, पुढे उकळत ठेवलं तर तुरटपणा वाढतो, पण कॅफिन त्या मानाने वाढत नाही. दूध जास्त घातल्याने ते कमी होत नाही, आलं-गवती चहा घातल्याने पण नाही. आणि ग्रीन टी पण चहाच आहे, त्यातही कॅफिन असतं, बाळंतपणात वजन उतरवायला म्हणून दिवसाला चार ग्रीन टी पिणाऱ्या मुलींना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. पत्ती नसलेला काढा, नुसतं आल्याचं पाणी, बाळंतशोपेचं पाणी, यात कॅफिन नाही.

आता एक केस सांगते, मागच्या वर्षीच्या हिवाळ्यातली. नाव नाही सांगत, सुदामा नगरकडची मुलगी, पहिलं बाळंतपण, मुलगी ३६ व्या आठवड्यात झालेली, माझ्याकडे आली तेव्हा ३३ दिवसांची. तक्रार तीच, झोपत नाही. मी विचारलं दिवसा, तर म्हणाली दिवसा पण नाही, पाळण्यात जास्तीत जास्त पंचवीस मिनिटं. वजन छान वाढत होतं, शू आठ-नऊ वेळा, शी पिवळी, ताप नाही, उलट्या नाहीत. मी दुपट्यातून बाहेर काढली तर डोळे असे की मला पण जरा कसंतरी झालं, एवढुशी पोर आणि घारीसारखी बघतेय. हात थरथरत होते पण मी हात धरला की थरथर थांबत होती. हे लक्षात ठेव, धरल्यावर थांबते ती थरथर आणि धरल्यावरही चालू राहते ती वेगळी गोष्ट, दुसरीसाठी लगेच दवाखाना. थांबणारी असली तरी मी तिला पेडियाट्रिशियनकडे साखर आणि कॅल्शियम तपासायला पाठवलंच, नव्या बाळात थरथर दिसली की ते बघायचंच असतं, चहावर ढकलून मोकळं व्हायचं नसतं. दोन्ही नॉर्मल आले.

मग चहाचा हिशोब. ती म्हणाली चार कप. सासूबाई म्हणाल्या सहा. भांडण नको म्हणून मी म्हटलं तिच्या चहाची पत्ती वेगळ्या डब्यात काढा, कारण तिचा चहा तसाही वेगळाच व्हायचा, आलं-शोपा घालून. शंभर ग्रॅम भरली आणि तारीख लिहिली. सातव्या दिवशी डबा रिकामा. म्हणजे दिवसाला चौदा ग्रॅम, म्हणजे जवळपास २८० ते ३५० मिलिग्रॅम नुसत्या चहातून. गंमत म्हणजे दोघींचं खरं होतं, कप चारच होते पण ते पेले होते. त्यात रात्री दोन वाजताच्या फीडला जागं राहता यावं म्हणून एक मग कॉफी, दोन चमचे इन्स्टंट पावडर, चमच्याला पन्नास-साठ धरलं तरी शंभर-सव्वाशे. आणि सगळ्यात शेवटी, उठता उठता, ती म्हणाली की डोकं दुखतं म्हणून मी एक गोळी घेते कधी कधी. गोळीची पट्टी मागवली, मागे बघितलं तर पॅरासिटामॉलबरोबर कॅफिन. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत असतं ते, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. गोळी नसलेल्या दिवशी चारशेच्या आसपास आणि गोळीच्या दिवशी त्याहून वर अशी बेरीज झाली, वेळेआधी झालेल्या बाळासाठी हे जास्तच.

इथे लोक एक चूक करतात. उत्साहात दुसऱ्या दिवसापासून चहा एकदम बंद. मग आईचं डोकं असं ठणकतं की ती परत तीच गोळी घेते. रोज चारशे घेणाऱ्याने एकदम सोडलं की दुसऱ्या दिवशी डोकं दुखणं, चिडचिड, गळून जाणं हे येतंच आणि आठवडाभर राहू शकतं. म्हणून तिला सांगितलं, आधी रात्रीची कॉफी आणि ती गोळी बंद, डोकं दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीन दिवसांनी पेल्याऐवजी छोटा कप, मग पत्ती निम्मी. शेवटी दिवसाला चार ग्रॅम पत्तीवर आणून ठेवलं, म्हणजे दोन छोटे चहा. तेवढे मी काढून घेत नाही, बाळंतिणीच्या दिवसात सकाळचा गरम चहा हा बऱ्याच जणींचा एकटीचा एकमेव वेळ असतो.

आणि एक वही ठेवायला लावली. काही मोठं नाही, पाळण्यात ठेवल्याची वेळ आणि उठल्याची वेळ, बस. चौथ्या दिवशी फोन आला की काहीच फरक नाही, सासूबाई म्हणतात चहाचं काही नव्हतंच, नजर लागलीय. मी म्हटलं थांबा, चार दिवसांत तर फार तर निम्मं उतरतं आणि आपण पहिले तीन दिवस नुसती कॉफीच काढली होती. आठव्या दिवशी पहिल्यांदा वहीत सव्वा तास आला. बाराव्या दिवशी दुपारी दोन तास दहा मिनिटं, आणि ती घाबरून बाळाला हलवून बघत होती की श्वास चालू आहे ना. पंधरा दिवसांनी आणली तेव्हा दचकणं कमी, हाताची थरथर नाही.

पण हे पण लिहिते, नाहीतर अर्धं सांगितल्यासारखं होईल. संध्याकाळी सात ते दहाचं रडणं तिचं नाही गेलं. ते तिसऱ्या महिन्यापर्यंत चाललं आणि आपोआप संपलं. ते चहाचं नव्हतंच. बाळांचं रडणं साधारण दोन आठवड्यांपासून चढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात वर असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं, आणि त्याला संध्याकाळची वेळ आवडते. तुझा मुलगा सदतीस दिवसांचा, म्हणजे तू आत्ता बरोबर त्या चढाच्या टोकाजवळ उभी आहेस. यात एक फसवणूक होते बघ, पाचव्या आठवड्यात आईने काहीही सोडलं, चहा, वांगं, डाळ, काहीही, तर आठव्या आठवड्यात बाळ सुधारलेलंच दिसतं आणि श्रेय त्या वांग्याला मिळतं. म्हणून वहीत दचकणं आणि दिवसाची झोप बघायची, रडणं नाही.

आणि चहावर पण उगीच खापर नको म्हणून हे सांगते. ब्राझीलमध्ये पेलोटास नावाच्या शहरातल्या बाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला होता, तिथे तीन महिन्यांच्या बाळांमध्ये बघितलं तर गरोदरपणात आणि पाजताना दिवसाला ३०० च्या वर कॅफिन घेणाऱ्या आयांची बाळं रात्री काही स्पष्ट जास्त उठत नव्हती. मला त्याचं आश्चर्य नाही वाटत, तीन महिन्यांपर्यंत बाळाचं लिव्हर बरंच कामाला लागलेलं असतं आणि रात्री उठायला बाळाकडे इतर शंभर कारणं असतात. म्हणून चहा हा पहिला संशयित नाही. तो संशयित होतो जेव्हा बाळ दोन-अडीच महिन्यांच्या आतलं आहे, पत्ती खरंच मोजून जास्त आहे, आणि बेचैनी दिवसरात्र सारखी आहे. तिन्ही असेल तर कमी करून दोन आठवडे थांबायचं. दोन आठवड्यांनी वहीत काहीच बदललं नाही तर चहा निर्दोष सुटला आणि दुसरीकडे बघायचं.

आता तिखट. इथे मी सासूबाईंच्या विरुद्ध जाणार आहे, पण त्यांना हे वाचून दाखवू नकोस, गोडीत सांग. दूध पोटातल्या जेवणापासून बनत नाही, रक्तापासून बनतं. मिरचीने तुझ्या जिभेची, पोटाची आग होते ती जागच्या जागी होते, ती आग रक्तातून स्तनात जात नाही. बेसनाने, चवळीने तुझ्या पोटात वायू होतो तो आतड्यात होतो, तो वायू काही दुधात शिरत नाही. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२१ मध्ये छान काम केलंय, पाजणाऱ्या बायकांना आलं, मिरची, मिरी घातलेली करी खायला दिली आणि मग त्यांचं दूध तपासलं. मिरीतलं पायपरिन हे द्रव्य तासाभरात दुधात दिसलं, पण इतकं कमी की चवीला पण कळणार नाही. मिरचीचं तिखट द्रव्य त्यांना दुधात सापडलं नाही.

वास मात्र जातो, लसणाचा तर नक्की जातो. १९९१ मध्ये अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमध्ये आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या होत्या, दोनेक तासांनी दुधाला लसणाचा वास यायला लागला, आणि बाळांनी काय केलं, तर तोंड फिरवलं नाही, उलट जास्त वेळ स्तनाला चिकटून राहिली. आणि विचार कर, नऊ महिने तुझ्या पोटात असताना ते ज्या पाण्यात होतं त्यात पण तुझ्या जेवणाचा स्वाद उतरत होता. गरोदरपणात छप्पन दुकानला जाऊन काय काय खाल्लंस ते मी विचारत नाही, पण त्याला ते नवीन नाही.

तिखटाचा खरा त्रास आईला होतो. टाके ताजे असतील, मूळव्याध वर आली असेल, पित्त होत असेल तर जीरावन-शेव काही दिवस लांब ठेव, पण ते तुझ्या सकाळच्या शौचासाठी, बाळाच्या रात्रीसाठी नाही. मला राग येतो तो सव्वा महिना नुसत्या मुगाच्या पाण्यावर ठेवलेल्या मुलींना बघून. एक आली होती, बाळ रात्री जागतं म्हणून घरच्यांनी एकेक करत मिरची, हिंग-फोडणी, टोमॅटो, वांगं, डाळी, ताक सगळं बंद केलं, ती भात-तूप आणि दुधी यावर. तिचे केस मुठीने गळत होते, बसल्या जागी चक्कर, आणि बाळ तसंच जागं. मी विचारलं दिवसा? तर म्हणे दिवसा काय झोपतो मॅडम, आंघोळीनंतर चार तास, मग दुपारी परत तीन तास, उठवला तरी उठत नाही. खोली बघायला गेले तर पडदे ओढलेले, दार लावलेलं, धुरी, अंधार, कारण बाळंतिणीची खोली. आणि रात्री सगळे कामावरून आले की ट्यूबलाइट, टीव्ही, आजोबा खेळवतायत. त्या बाळाचा दिवस कुठला आणि रात्र कुठली! सव्वा महिन्याच्या बाळाचं अंगातलं घड्याळ अजून बसलेलं नसतं, ते दोन-तीन महिन्यांत बसतं आणि उजेड-अंधारावरून बसतं. त्यांना सांगितलं, दिवसा पडदे उघडा, घरातले आवाज होऊ द्या, तीन तासांहून जास्त झोपला तर दुपट्यातून काढून पाजायला उठवा, रात्री मिणमिणता दिवा, पाजताना गप्पा नाहीत, शी नसेल तर लंगोट पण उगीच बदलायचा नाही. आणि हिला उद्यापासून फोडणीचं वरण द्या. दहा-बारा दिवसांत जागरण ११ ते ३ वरून ९ ते १२ वर सरकलं, जे त्यांना परवडलं.

तुझं "११ ते ३" वाचून मला जास्त शंका हीच येतेय, म्हणून तर पहिला प्रश्न दिवसाचा विचारला.

एखादा पदार्थ खरंच बाधतोय अशी शंका असेल तर सगळं बंद करू नकोस, तो एकच पदार्थ चार दिवस थांबव, मग मुद्दाम परत खा, आणि दोनदा खाल्ल्यावर दोन्ही वेळा बाळाला तेच झालं तरच मान. असा हिशोब लावला की बहुतेक पदार्थ सुटतात. अपवाद एक आहे, गाईच्या दुधाचं प्रोटीन काही थोड्या बाळांना सोसत नाही, ते आईच्या दुधातून जातं, आणि त्यात शीमध्ये रक्ताचे धागे किंवा खूप शेंबडासारखं, अंगावर चट्टे, सारख्या उलट्या असं काहीतरी दिसतं, नुसतं जागरण नाही. तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवून ठरवायचं, आपल्या मनाने दूध-दही सोडायचं नाही.

चहावरून अजून दोन बारीक गोष्टी. इथे आपल्याकडे म्हणतात की दुधाचा चहा जास्त प्यायला की दूध जास्त येतं, तसं काही नाही, दूध बाळ ओढतं तेवढं येतं, तहान लागली तर पाणी पी. आणि बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर घेऊ नकोस, जेवणाला लागून पण चहा नको, तासभर मध्ये जाऊ दे, चहामुळे लोह अंगी लागत नाही.

आणि जागरणावर कोणी जायफळ उगाळून घुटीत जास्त घाला म्हटलं तर अजिबात नाही. जायफळाने बाळ झोपत नाही, गुंगतं, आणि जास्त झालं तर श्वासापर्यंत जातं. मी वॉर्डात असं आलेलं बाळ बघितलंय. सहा महिन्यांपर्यंत घुटी, ग्राइप वॉटर काहीच नको, आणि मध तर वर्षाचा होईपर्यंत नको.

दवाखान्यात ताबडतोब कधी जायचं ते पण लिहून ठेव: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढेनासा झाला, दिवसात शू सहापेक्षा कमी, हिरवी उलटी, टाळू फुगलेली, हात-पाय धरल्यावरही न थांबणारे झटके, किंवा नेहमीपेक्षा वेगळं किंचाळल्यासारखं रडणं जे कशानेच थांबत नाही. आणि मुलगा वेळेआधी झालेला असेल आणि त्याला घरी कॅफिनचे ड्रॉप्स दिलेले असतील तर तू किती चहा घेतेस ते डॉक्टरांना नक्की सांग.

तर आता तू कर काय: उद्यापासून तीन दिवस दिवसाची झोप वहीत लिही, आणि तुझी पत्ती वेगळ्या डब्यात काढ. दिवसा दोन-तीन तासांच्या झोपा असतील तर पडदे उघड आणि चहा तीन छोट्या कपांवर आणून पी निवांत. दिवसा पण तुटकच असेल आणि डबा भराभर उतरत असेल तर आठवडाभरात हळूहळू चार-पाच ग्रॅमवर ये आणि तिथून पुढे दोन आठवडे वही चालू ठेव. पोहे खा. जीरावन पण घाल.